जुनं कार्टून मोठं करताना रेघाच का बिघडतात? सिनेमाला चाललेलं मॉडेल इथे का चालत नाही?

गंधार_एन

मंडळी, बरेच दिवसांनी धागा काढतोय. माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या एका जपानी मालिकेच्या डीव्हीडी आहेत, पारदर्शक सेलवर हाताने रंगवलेली, अमेरिकन आवृत्ती, म्हणजे ७२०×४८०. टीव्ही मोठा घेतल्यापासून ती बघवत नाही, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर अपस्केल करायला घेतली.

आता गंमत अशी की त्याच मॉडेलने (Real-ESRGAN चं नेहमीचं `realesrgan-x4plus`) आमच्याकडचा एक जुना माहितीपट सुंदर झाला होता. झाडांची पानं, दगडी भिंत, सगळं भरीव दिसायला लागलं. कार्टूनला मात्र तेच लावलं तर नायिकेच्या गालावर, जिथे फक्त एक सपाट रंग आहे, तिथे कातडीसारखे बारीक डाग उमटले. आणि वरच्या पापणीची रेघ एकच आहे ती मधूनच दुहेरी झाली, मधे फिकट पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं. केसांच्या टोकांना तर पीळ पडल्यासारखं झालंय.

माझा प्रश्न साधा आहे. कार्टून तर सिनेमापेक्षा सोपं असायला हवं ना, कमी रंग, कमी तपशील. मग त्याच्यासाठी वेगळं मॉडेल कशाला लागतं, आणि लागत असेल तर नेमकं कुठलं आणि कसं वापरायचं?

निवांत_बसलेला

चांगला विषय. वाचनखूण साठवली. खुर्ची घेऊन बसलोय.

टेकडीवरून

गंधार, तुझ्या मूळ समजुतीत काही चूक नाही, कार्टून सोपंच असतं. सपाट रंग आणि काळ्या रेघा. त्यामुळे एआय वगैरेची गरजच नाही असं माझं मत. साधं लँक्झोसने मोठं कर, वर शार्पन मार, झालं काम. मी मुलासाठी असंच करतो, टीव्हीवर दहा फुटांवरून कुणाला कळत नाही.

शाईवाली

टेकडीवरून, लांबून बघायला चालेल हे खरं, आणि पुष्कळांना तेवढंच हवं असतं. पण शार्पनबद्दल थोडं थांबा. शार्पन केल्यावर रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरट कडा येतात. खऱ्या दृश्यात त्या खपून जातात कारण शेजारी पानं, दगड, कपड्याचा पोत असं काहीतरी असतं. सपाट गुलाबी गालावर काळ्या रेघेला लागून पांढरी कड आली की ती लपायला जागाच नसते.

गंधार, तुझा मूळ प्रश्न. मी काही वर्षं ॲनिमेशनमधे क्लीन-अपचं, म्हणजे कच्च्या चित्रांवरून स्वच्छ रेघा काढायचं काम केलंय आणि आता जुन्या फुटेजची डागडुजी करते, म्हणून जरा लांब लिहिते.

तुझ्या डीव्हीडीतली पापणी एकदा ८०० टक्के मोठी करून बघ, काहीही न लावता. रेघ जेमतेम दोन पिक्सल जाड असेल. त्यातला एखादाच पिक्सल खरा काळा, बाकीचे करडे. त्या करड्या छटेतच सगळी माहिती आहे: रेघेची वरची कड पिक्सलच्या किती आत आहे, खालची किती. मोठं करणाऱ्याला त्या छटांवरून दोन्ही कडा शोधायच्या असतात आणि मधली जाडी तेवढीच ठेवायची असते.

फोटोवर शिकलेल्या मॉडेलने अशी वस्तू फारशी पाहिलेलीच नसते. कॅमेऱ्यासमोरच्या जगात वस्तूंभोवती काळी रेघ नसते. तिथे कड म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला आकाश. त्यामुळे ते मॉडेल तुझ्या पापणीकडे बघतं आणि त्याला दोन स्वतंत्र कडा दिसतात, त्या ते वेगवेगळ्या धारदार करतं. मग मधला भाग फिका पडतो. तुझी दुहेरी पापणी तिथून आली.

गालावरचे डाग दुसऱ्या कारणाने. डीव्हीडीचं एमपेग-२ कॉम्प्रेशन आठ बाय आठच्या चौकटींत काम करतं, आणि ज्या चौकटीतून काळी रेघ जाते तिथे शेजारच्या सपाट रंगात बारीक चिलटं उठतात. फोटोच्या मॉडेलला शिकवलेलं असतं की असं अस्पष्ट काही दिसलं तर तो हरवलेला पोत असतो, तो परत आण. माणसाच्या गालावर ते बहुतेक वेळा बरोबर ठरतं, तिथे खरोखरच छिद्रं असतात. तुझ्या नायिकेच्या गालावर रंगाचा एकच हात आहे. तिथे न दिसणारं काही नव्हतंच.

फिरंगी_पण_कोकणी

वा शाईवाली ताई! हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

मुकुंद_काका

उत्तम धागा. माझाही प्रश्न घ्या. माझ्याकडे १९९४ च्या आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, ती कॅप्चर करून घेतलीय. भाच्याने कुठलंतरी अ‍ॅनिमे मॉडेल लावून मोठी केली. आमच्या सौ.चा शालू म्हणजे पैठणी, तिचा काठ आता रांगोळीसारखा दिसतोय, सगळ्या बुट्ट्या एकसारख्या गोल. आणि सासरेबुवांना मिशी होती ती एक काळी पट्टी झालीय. हे सुधारता येईल का?

टेकडीवरून

काका, मिशी पट्टी =)) भाच्याला बक्षीस द्या.

शाईवाली

काका, तुमचं उदाहरण इथे अगदी हवंच होतं, कारण तोच प्रश्न उलट्या बाजूने आलाय. कार्टूनवर शिकलेलं मॉडेल असं धरून चालतं की जग म्हणजे सपाट रंग आणि त्याभोवती स्वच्छ रेघ. पैठणीच्या काठावरची जरीची वीण त्याला गोंगाट वाटते, ते ती पुसतं आणि उरलेल्या आकाराला रेघ ओढून देतं. मिशीतले केस पुसले, बाह्यरेषा ठेवली.

मोठ्या केलेल्या फाइलमधून काही परत मिळणार नाही, मूळ कॅप्चर जपून ठेवा आणि तिथूनच सुरू करा. आणि व्हीएचएसला मोठं करण्याआधी दुसरं एक काम आहे, ते तुमचं आणि गंधारचं पूर्णपणे वेगळं आहे. तुमच्या कॅमेऱ्याने सेकंदाला ५० वेगवेगळी, एकाआड एक ओळींची अर्धचित्रं टिपलीयत, प्रत्येकात हात थोडा पुढे सरकलेला. त्यामुळे तुम्हाला QTGMC सारखं काहीतरी वापरून ५० पूर्ण फ्रेम करायच्या. गंधारला तसं बिलकुल करायचं नाहीये.

गंधार_एन

ताई, मनापासून आभार. ८०० टक्के करून बघितलं, अगदी तसंच आहे, एक काळा, वर एक करडा आणि खाली एक फिकट करडा. आणि पापणीच्या आजूबाजूला खरंच चिलटं आहेत, मला वाटायचं तो फिल्मचा ग्रेन आहे.

"बिलकुल करायचं नाहीये" ते काय ते सांगा. मी सगळ्यात आधी डीइंटरलेस केलं होतं, प्लेअरमधे दातेरी कडा दिसत होत्या म्हणून.

शाईवाली

अपस्केलवाले हे सगळ्यात जास्त विसरतात. तुझी मालिका फिल्मवर चित्रित झालीय, सेकंदाला २४ फ्रेम. अमेरिकन डीव्हीडीसाठी त्याचे सेकंदाला जवळपास ३० करताना चार फ्रेमच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी विस्कटून पाच केल्यात. एखादं हालचालीचं दृश्य घे आणि एकेक फ्रेम पुढे जा. पाचमधल्या तीन स्वच्छ आणि दोन दातेरी असं सापडेल.

आता साधा डीइंटरलेसर काय करतो, दातेरी फ्रेममधल्या निम्म्या ओळी टाकतो आणि उरलेल्यांवरून अंदाजाने भरतो. खऱ्या दृश्यात ते निभावून जातं. इथे तुझी पापणी दोन ओळी जाड आहे. त्यातली एक ओळ टाकली तर काय उरलं? तिरप्या रेघा जिन्यासारख्या होतात आणि मग मॉडेल तो जिना मन लावून मोठा करतं. तुझ्या केसांच्या टोकांचा पीळ बहुतेक तिथूनच आलाय.

खरं तर टाकायला काही लागतच नाही. मूळ चार फ्रेमच्या सगळ्या ओळी डीव्हीडीत आहेत, फक्त शेजारच्या फ्रेममधे गेल्यात. त्या जुळवून परत लावायच्या आणि पाचवी जास्तीची काढून टाकायची. एफएफएमपेगमधे:

```
ffmpeg -i episode.vob -vf "fieldmatch=combmatch=full,yadif=deint=interlaced,decimate" -fps_mode passthrough frames/%08d.png
```

`frames` आणि पुढे लागणारा `out` असे दोन फोल्डर आधी करून ठेव. मधला yadif हा डीइंटरलेसर फक्त ज्या फ्रेम जुळल्या नाहीत त्यांच्यापुरता आहे. शीर्षकगीतात वरून अक्षरं चढवलेली असतात तिथे असं होतं.

अबोली_ठाणे

मी यातली तज्ज्ञ नाही पण हौसेने बरंच केलंय. गंधार, मॉडेलच्या नावांचा गोंधळ असेल तर माझा अनुभव सांगते. सगळ्यात जुनं waifu2x, २०१५ चं. त्यात चित्रासाठी एक आणि फोटोसाठी वेगळं असे दोन पर्याय आहेत, म्हणजे ज्याने केलं त्याला हा प्रश्न कळला होता. मग Real-ESRGAN मधे तू वापरलंस त्याशिवाय `realesrgan-x4plus-anime` आहे, ते स्थिर चित्रांना झकास. आणि `realesr-animevideov3`, ते व्हिडिओसाठी, खूप हलकं आहे. शिवाय बिलिबिलीवाल्यांचं Real-CUGAN, ते २०२२ चं. माझ्या डोळ्याला Real-CUGAN सगळ्यात मूळ चित्राशी प्रामाणिक वाटतं, त्यात गोंगाट किती काढायचा ते ठरवता येतं, आणि conservative म्हणून एक प्रकार आहे तो फार ढवळाढवळ करत नाही.

टेकडीवरून

म्हणजे सरळ सगळ्यात मोठं मॉडेल घ्यायचं ना? मोठं तेवढं चांगलं. ४ पट करून मग खाली आणा.

अबोली_ठाणे

अहो नाही! इथेच तर उलटं आहे. फोटोच्या x4plus मधे २३ ब्लॉक आहेत, त्याच्या अ‍ॅनिमेवाल्यात फक्त ६, आणि तरी कार्टूनवर ते सहावालंच बरं दिसतं. पानं, केस, कातडी, दगड, ढग असं हजार प्रकारचं पोत लक्षात ठेवायचं नसलं की कमीत भागतं.

शाईवाली

अबोलीचं बरोबर आहे, आणि टेकडीवरून यांनी सुरुवातीला म्हटलं ना की कार्टून सोपं, त्यातला खरा भाग हाच. शिकायला सोपं आहे, म्हणून छोटं मॉडेल पुरतं. पण चूक लपवायला कठीण आहे. पानांच्या गर्दीत मॉडेलने चार पानं मनाने काढली तर कुणाच्या बापाला कळत नाही. नाकाची रेघ अर्धा पिक्सल जाड झाली तर चेहरा बदलतो. क्लीन-अपला असताना आम्हाला याच गोष्टीवरून कागद परत यायचे.

४ पटीबद्दल: गंधारला गरज नाही. ७२० दुप्पट म्हणजे १४४०, आणि १०८० उंचीचं चार-तीन प्रमाणातलं चित्र बरोबर १४४० रुंद असतं. रुंदी तंतोतंत बसते. उंची ४८० ची ९६० होते, ती नंतर साध्या रिसाइझने १०८० करायची. ४ पट केलंस तर जे दिसत नाही ते मॉडेलला दुप्पट कल्पून काढावं लागतं आणि शेवटी तू ते फेकूनच देणार.

```
realesrgan-ncnn-vulkan -i frames -o out -n realesr-animevideov3 -s 2 -f png
```

आधी पूर्ण भाग चालवू नकोस. २४ मिनिटांचा भाग म्हणजे साडेचौतीस हजार फ्रेम, एकेक दीड एमबीची धरली तरी ५० जीबीच्या आसपास जागा जाते. एक जवळचा चेहरा, एक लांबचं दृश्य, एक पळापळ, एवढंच काढ.

सावंतवाडी_मेल

एक वेगळा मुद्दा. माझ्याकडे दूरदर्शनवर लागायचं त्या मोगलीच्या मालिकेचं घरी टेप केलेलं आहे थोडंसं. तेही जपानी, १९८९ चं. त्याच्यावर ही मॉडेलं लावली तर हालचाल असलेल्या प्रत्येक फ्रेममधे भूत दिसतं, म्हणजे मोगलीला चार हात. आणि मॉडेल त्या चारही हातांना छान ठसठशीत रेघा काढून देतं. हे काय आहे? वरची fieldmatch ची कमांड वापरली, काही फरक नाही.

शाईवाली

तुमची टेप पाल पद्धतीची असणार. जपानमधली मूळ टेप ३० फ्रेमच्या पद्धतीची आणि आपल्याकडे २५ ची. ते बदलणारी जुनी यंत्रं शेजारच्या अर्धचित्रांची भेसळ करून मधलं चित्र तयार करायची. तसं झालं असेल तर ओळी विस्कटलेल्या नाहीत, रंग एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यामुळे fieldmatch ला जुळवायला काही नाही. आधी bwdif ने ५० अर्धचित्रं वेगळी करून बघा, त्यात काही स्वच्छ आणि काही भुताची निघाली तर स्वच्छ तेवढी निवडणारी srestore नावाची स्क्रिप्ट आहे व्हेपरसिंथ नावाच्या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधे. चालते, पण प्रत्येक ठिकाणी नाही. भूत राहिलेल्या फ्रेमला कुठलंच मॉडेल बरं करत नाही, तुम्ही म्हणालात तसं ते चार हातच नीट काढतं.

सावंतवाडी_मेल

बघतो करून. ते गाणं तेवढं स्वच्छ मिळालं तरी पोरांना दाखवता येईल.

निवांत_बसलेला

जंगल जंगल बात चली है, पता चला है... आता दिवसभर डोक्यात वाजणार. धन्यवाद हां.

रेषांकित

मी इथे जरा विरोधात लिहिणार आहे. चित्रकार आहे म्हणून. तुम्ही सगळे "स्वच्छ रेघ" म्हणजेच चांगली रेघ असं गृहीत धरताय. सेलवरची रेघ स्वच्छ नसायची. १९६१ मधे डिस्नेने १०१ डाल्मेशन्ससाठी पेन्सिलची चित्रं झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर छापली, त्या चित्रपटात रेघा खरखरीत आहेत, कुठे दोनदा ओढलेल्या, कुठे तुटलेल्या. तो ॲनिमेटरचा हात आहे. त्याच्यावर तुमचं अ‍ॅनिमे मॉडेल चालवा, सगळ्या रेघा एका जाडीच्या, टोकं गोल, जणू आज कुणी टॅबलेटवर काढलंय. मला ते फोटोच्या मॉडेलने गालावर काढलेल्या डागांपेक्षा जास्त खुपतं. डाग निदान चूक म्हणून दिसतात. ही गुळगुळीत रेघ बघणाऱ्याला वाटतं मूळच तसं होतं.

अबोली_ठाणे

रेषांकित, मान्य, पण डीव्हीडीच्या रिझोल्यूशनला तो खरखरीतपणा असतो तरी का शिल्लक? दोन पिक्सलच्या रेघेत हात कुठून दिसणार?

रेषांकित

दिसतो. जाड-बारीक होणं दिसतं. कोपरापाशी रेघ जाड होते आणि मनगटाकडे निमुळती होते, ते करड्या छटेच्या रूपाने तिथे असतं, शाईवालींनीच वर सांगितलंय की माहिती छटेत आहे. मॉडेल त्या फिकट झालेल्या टोकाला एक तर पूर्ण काळं करतं किंवा पुसून टाकतं. मधलं काही नाही.

शाईवाली

रेषांकित यांच्याशी मी बरीचशी सहमत आहे. यातली बरीच मॉडेलं शिकली इंटरनेटवरच्या डिजिटल चित्रांवर, कारण मोठ्या आकाराची स्वच्छ चित्रं तिथेच मुबलक मिळतात. चित्र घ्यायचं, मुद्दाम लहान करायचं, धूसर करायचं, जेपेगने खराब करायचं, आणि मूळ परत आणायला शिकवायचं. त्या चित्रांमधली रेघ कॉम्प्युटरवर ओढलेली, म्हणून उत्तरातही तीच येते. १९९० नंतरच्या मालिकांना ते बऱ्यापैकी जुळतं, साठच्या दशकातल्या चित्रपटांना नाही.

गंधारने स्वतः तपासावं यासाठी एक सोपी पद्धत सांगते. मोठी केलेली फ्रेम परत ७२०×४८० ला लहान करायची, आणि मूळ फ्रेमवर ठेवून फोटो एडिटरमधे डिफरन्स लावायचा. आदर्श असेल तर जवळपास काळं दिसेल, फक्त चिलटं गेली तिथे हलके ठिपके. रेघेच्या दोन्ही बाजूंना उजळ पट्ट्या दिसल्या तर मॉडेलने रेघ जाड केलीय. रेघेच्या आत उजळ दिसलं तर रेघेचा काळेपणाच बदललाय, म्हणजे तिचं टोक काळं केलंय, किंवा मधे फिकी पाडलीय. आणि एखादी आख्खी रेघ उजळ दिसली तर ती मॉडेलने पुसली किंवा नवीन काढली.

गंधार_एन

केलं! वरची fieldmatch ची कमांड, मग animevideov3 दुप्पट. केसांचा पीळ संपूर्ण गेला, ताईंचं निदान बरोबर निघालं. गाल एकदम स्वच्छ. पापणी एकच आहे आता.

डिफरन्समधे जवळच्या चेहऱ्यावर फक्त ठिपके दिसले. पण लांबच्या दृश्यात, जिथे ती गर्दीत उभी आहे आणि चेहरा इवलासा आहे, तिथे नाकाची रेघ आख्खी उजळ. म्हणजे पुसली गेलीय. डोळे दोन काळे ठिपके होते त्याचे बदाम झालेत. Real-CUGAN चा conservative लावून बघितला तर नाक राहिलं, पण चिलटंही थोडी राहिली.

आणि दुसरं, मागचं चित्र. डोंगर आणि देऊळ आहे, पोस्टर कलरने रंगवलेलं असावं, कुंचल्याचे फटकारे दिसायचे मूळ डीव्हीडीतसुद्धा. ते आता सगळं मेणासारखं झालंय.

रेषांकित

हेच मी म्हणत होतो. पार्श्वभूमी रंगवणारा माणूसच वेगळा असायचा, कागद वेगळा, रंग वेगळे. तिथे रेघ नाहीच. एका फ्रेममधे दोन वेगळ्या प्रकारची चित्रं आहेत आणि तुम्ही दोघांना एकच औषध देताय.

टेकडीवरून

मग पार्श्वभूमीला फोटोवालं मॉडेल आणि पात्रांना अ‍ॅनिमेवालं, आणि मग जोडून टाकायचं! सोपं आहे की.

शाईवाली

कल्पना चांगली आहे, स्थिर फ्रेमवर लोक करतातही. रेघांचा मुखवटा काढायचा, तो थोडा पसरवायचा, रेघांपाशी एका मॉडेलचं चित्र आणि बाकी ठिकाणी दुसऱ्याचं किंवा नुसतं लँक्झोसचं. पण हलत्या चित्रात मुखवटा फ्रेमगणिक थोडा थोडा बदलतो आणि त्या सीमेवर पोत लुकलुकतो. देवळाच्या दगडी कडेला मुखवटा रेघ समजतो एका फ्रेममधे, पुढच्या फ्रेममधे नाही. मी त्यापेक्षा साधं करते, मॉडेलचं चित्र आणि लँक्झोसचं चित्र यांचं मिश्रण, साठ-चाळीस वगैरे. नाकही थोडं परत येतं आणि कुंचलाही. रेघ तेवढी कडक राहत नाही हा तोटा आहेच.

लुकलुकीवरून आठवलं. गंधार, तुझी फ्रेमची रांग सलग चालवून बघितलीस का? सेलच्या ॲनिमेशनमधे एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम तसंच ठेवलेलं असतं. चित्र तेच पण कॉम्प्रेशनची चिलटं प्रत्येक फ्रेममधे वेगळी, म्हणून मॉडेल तीच रेघ प्रत्येक वेळी किंचित वेगळी काढतं. स्थिर उभ्या पात्राच्या बाह्यरेषा उकळल्यासारख्या हलतात.

अबोली_ठाणे

हो हो, हे मला फार झालं होतं! मग मी सिनेमासाठीचं, आजूबाजूच्या फ्रेम बघून काम करणारं एक मॉडेल लावलं तर अजूनच बिघडलं. पळताना हात वितळल्यासारखा झाला.

शाईवाली

कारण ती मॉडेलं दोन गोष्टींवर विसंबून असतात आणि कार्टूनमधे दोन्ही नसतात. एक म्हणजे, खऱ्या दृश्यात कॅमेरा किंवा वस्तू प्रत्येक फ्रेमला थोडीशी सरकते, त्यामुळे शेजारच्या फ्रेममधे तीच वस्तू पिक्सलच्या वेगळ्या जागी पडते आणि खरोखर जास्तीची माहिती मिळते. तसंच ठेवलेल्या चित्रात शेजारची फ्रेम म्हणजे तेच चित्र, नवीन काही नाही. दुसरं म्हणजे कुठला भाग कुठे गेला हे ती पोतावरून ओळखतात. सपाट निळ्या बाहीवर धरायला काहीच नाही, आणि सेकंदाला बारा चित्रं असली की हात एका उडीत कुठल्या कुठे जातो. मग ते मॉडेल मधला मार्ग काढतं, आणि हात वितळतो.

उकळणाऱ्या रेघांवर उपाय मोठं करण्याआधी करायचा. जी चित्रं तशीच ठेवलीत ती ओळखून त्यांची सरासरी घ्यायची. चित्र तेच आणि चिलटं वेगळी, त्यामुळे चिलटं आपोआप पातळ होतात आणि मॉडेलला दोन्ही वेळा एकच चित्र मिळतं. व्हेपरसिंथमधे करता येतं. फक्त कॅमेरा सरकत असेल त्या दृश्यात बंद ठेवायचं, नाहीतर पार्श्वभूमी धूसर होते. आणि ओठ हलत असतात तिथेही मर्यादा कडक ठेवायची, एवढासा ओठ हलला तर ते चित्र "तेच" धरलं जातं आणि पात्र बोलायचं थांबतं.

मुकुंद_काका

मला यातलं निम्मं कळलं नाही पण वाचतोय सगळं. भाच्याला धागा पाठवला. तो विचारतोय की सासऱ्यांच्या मिशीला कुठलं मॉडेल.

अबोली_ठाणे

काका, आधी QTGMC ने ५० फ्रेम, मग फोटोवालं कुठलंही, पण फक्त दुप्पट. आणि चेहरे सुधारणारा पर्याय बंद ठेवायला सांगा, तो सासऱ्यांना दुसऱ्याच कुणाचातरी चेहरा देईल.

गंधार_एन

सरासरीवालं केलं. व्हेपरसिंथ लावायला डोकं खाल्लं पण जमलं. आईशी बोलत उभी असलेली ती पूर्ण स्थिर झाली, रेघा अजिबात हलत नाहीत. साठ-चाळीसचं मिश्रण पण घेतलं. नाक आहे, देवळाच्या भिंतीवर फटकारेही बऱ्यापैकी आहेत.

आता एकच अडचण. सगळ्या फ्रेम जोडून फाइल केली, तर टीव्हीवर तिची लाल रिबीन केशरीकडे झुकलीय. कॉम्प्युटरवर सुट्या पीएनजी बघतो तेव्हा रंग बरोबर असतात. हे मॉडेलने केलं का?

सावंतवाडी_मेल

हे मला माहितीये! मॉडेलचा संबंध नाही. डीव्हीडीचे रंग बीटी ६०१ च्या हिशोबाने साठवलेले असतात आणि एचडीचे ७०९ च्या. तू पीएनजीवरून फाइल केलीस तेव्हा एफएफएमपेगने काही न सांगता ६०१ धरलं, आणि टीव्हीने १०८० उंची बघून ७०९ धरलं. लाल केशरीकडे जातो तो त्यानेच. असं कर:

```
ffmpeg -framerate 24000/1001 -i out/%08d.png -vf "scale=1440:1080:flags=spline:out_color_matrix=bt709,setsar=1,format=yuv420p10le" -c:v libx265 -crf 16 -colorspace bt709 -color_primaries bt709 -color_trc bt709 video.mkv
```

आवाज नंतर जोड. दहा बिट मुद्दाम ठेवलंय, आठ बिटमधे संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात, आता चिलटं गेल्यावर तर जास्तच.

गंधार_एन

रिबीन लाल झाली. धन्यवाद सगळ्यांना, विशेषतः शाईवाली ताईंना.

गर्दीच्या दृश्यातले डोळे मात्र अजून बदामच आहेत, मिश्रणातसुद्धा. तेवढ्या दृश्यांपुरतं मॉडेल काढून नुसतं लँक्झोस ठेवायचा विचार आहे, पण मग जवळच्या दृश्यावरून लांबच्यावर कट होतो तिथे एकदम मऊ दिसतं.

रेषांकित

मऊ दिसू दे. मूळ चित्रकाराने तिथे दोन ठिपकेच काढले होते.

अबोली_ठाणे

मला तो कट डोळ्यात येईल. मी त्या दृश्यांना conservative ठेवेन आणि चिलटं सहन करेन.

शाईवाली

मी दृश्यागणिक ठरवते. डोळा चार पिक्सलपेक्षा लहान असेल तर मॉडेल नाही, आणि कटवर मऊपणा फार खुपला तर जवळच्या दृश्यातलं मॉडेलचं प्रमाण थोडं खाली आणते. त्या दोन शॉटची फाइल दे इथे, मूळ आणि केलेली दोन्ही, बघून सांगते.